टेबल तिरकं झालं तेव्हा

पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवताना एफबीडीच्या, म्हणजे वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणाऱ्या ‘फ्री बॉडी डायग्राम’च्या, पहिल्या ट्युटोरियलला मी नेहमी एक जाडजूड शब्दकोश घेऊन जाते. वजन बरोबर दोन किलो. g दहा धरला की वीस न्यूटन, म्हणजे पोरांना कॅल्क्युलेटर काढावा लागत नाही. त्या दिवशीही तो टेबलावर ठेवला आणि म्हटलं, ‘‘याची एफबीडी काढा.’’

सगळ्यांनी चौकोन काढला, खाली बाण काढला, वर बाण काढला. वीस खाली, वीस वर. मग मी नेहमीचा प्रश्न टाकला: वरचा बाण वीसच का? पहिल्या बाकावरून लगेच उत्तर आलं, ‘‘न्यूटनचा तिसरा नियम, मॅडम. अ‍ॅक्शन-रिअ‍ॅक्शन.’’

हे उत्तर दरवर्षी येतं आणि दरवर्षी चूकच असतं. यात पोरांचा दोष थोडा आणि ‘नॉर्मल रिअ‍ॅक्शन’ या नावाचा जास्त; टेबलाच्या वर ढकलण्याला तेच नाव आहे. रिअ‍ॅक्शन म्हटलं की ती वजनाचीच असणार असं वाटतं. मी काही न बोलता शब्दकोशावर तळहात ठेवून दाबला. पाच न्यूटनने दाबतेय असं समजा, आता? टेबल वर किती ढकलतंय? पंचवीस. आणि वजन? वीसच. मग जोडीतले दोघं असमान कसे झाले? वर्ग गप्प. तिसऱ्या नियमातली जोडी कधी असमान होत नाही आणि तिचे दोन बाण कधी एकाच वस्तूवर नसतात. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, तर पुस्तक पृथ्वीला वर ओढतं, ही वजनाची खरी जोडी. टेबल आणि पुस्तक ही वेगळी जोडी. पहिल्या चित्रात नॉर्मल वीस आला तो पुस्तक स्थिर होतं म्हणून, आणि दुसरं कुणी त्याला हात लावत नव्हतं म्हणून.

मग दोरी बांधून वर ओढलं. आठ न्यूटनने ओढलं तर टेबलाच्या वाट्याला बारा. वीसने ओढलं तर शून्य. पंचवीसने ओढलं तर एकाने ‘उणे पाच’ लिहिलं. मी विचारलं, टेबलाला गोंद लावलाय का? टेबल ढकलू शकतं, ओढू शकत नाही. नॉर्मल उणा आला की समजायचं, पुस्तकाने टेबल सोडलंय.

इथपर्यंत माझा एकच नियम होता आणि तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला होता: प्रत्येक बाणापाशी ते बल कोण लावतंय त्याचं नाव लिहा. पृथ्वी, टेबल, हात, दोरी. नाव सुचलं नाही तर बाण खोडा. वस्तूभोवती मनातल्या मनात रेघ ओढायची, त्या रेघेला बाहेरून जिथे जिथे काही टेकलंय तिथे एक बल, आणि शिवाय वजन. वस्तू ‘फ्री’ करायची म्हणजे एवढंच करायचं: टेबल उचलून बाजूला ठेवायचं आणि त्याच्या जागी त्याचा बाण ठेवायचा.

मग टेबल तिरकं केलं. फळ्यावरच, तीस अंशांनी. शब्दकोश उतारावर, म्हणजे तिरक्या फळीवर, स्थिर आहे. नॉर्मल किती?

बहुतेकांनी N = W cosθ लिहिलं, कारण बारावीत पाठ झालेलं असतं: N नॉर्मल, W वजन, θ उताराचा कोन. वीस गुणिले ०.८६६, म्हणजे १७.३. मी पुढे सरकणार इतक्यात खिडकीकडच्या मुलाने हात वर केला. त्याचं उत्तर २३.१ होतं.

त्याला फळ्यावर बोलावलं. त्याने शांतपणे मांडलं. नॉर्मल उताराला काटकोनात आहे. त्याचा उभा कंपोनंट N cosθ. पुस्तक पडत नाहीये, म्हणजे उभ्या दिशेत बेरीज शून्य. म्हणून N cosθ = W. म्हणून N = W / cosθ. वीस भागिले ०.८६६, २३.१.

वर्गात कुजबुज सुरू झाली. अर्ध्यांना ते पटलं होतं. मी जे म्हणाले ते आठवलं की अजून ओशाळायला होतं. मी म्हणाले, ‘‘उतारावर अक्ष नेहमी उताराच्या दिशेत आणि उताराला काटकोनात घ्यायचे.’’

तो म्हणाला, ‘‘पण मॅडम, अक्ष कसेही घेतले तरी उत्तर तेच यायला हवं ना?’’

अगदी खरं. अक्ष आपल्या सोयीसाठी असतात, पुस्तकाला त्यांचा पत्ता नसतो. तिरके अक्ष घेतले की गणित सोपं होतं एवढंच. बरोबर उत्तर त्यांच्यामुळे येत नाही. एकाच स्थिर पुस्तकासाठी दोन उत्तरं येत असतील तर कुठेतरी चित्रच चुकलेलं आहे. मी त्याच्या हातचा खडू घेतला नाही. म्हटलं, ‘‘तुझं दुसरं समीकरण लिही. आडव्या दिशेचं.’’

तो लिहायला लागला आणि थांबला. वजनाला आडवा कंपोनंट नाही. नॉर्मलला आहे: N sinθ, म्हणजे ११.५ न्यूटन, उताराच्या खालच्या बाजूकडे. त्याला तोंड द्यायला चित्रात कुणीच नव्हतं. म्हणजे त्याच्याच चित्राप्रमाणे पुस्तक आडवं पळायला हवं होतं, आणि तो तर स्थिर आहे म्हणत होता.

‘‘फ्रिक्शन राहिलं,’’ तो स्वतःच म्हणाला.

उताराच्या वरच्या दिशेने फ्रिक्शनचा बाण आला, त्यापाशी ‘फळी’ असं नाव आलं. मग मी त्याला त्याच्याच उभ्या-आडव्या अक्षांत पुन्हा सोडवायला लावलं. आडव्या दिशेत N sinθ = f cosθ. उभ्या दिशेत N cosθ + f sinθ = W. दोन्ही सोडवून नॉर्मल १७.३ आणि फ्रिक्शन दहा. पडताळा घेतला: नॉर्मलचा उभा वाटा पंधरा, फ्रिक्शनचा उभा वाटा पाच, मिळून वीस. पुस्तकाला पडू न देण्यात फ्रिक्शनचा पाव वाटा आहे हे त्याला तेव्हा दिसलं. खरं सांगायचं तर, तिरक्या अक्षांच्या सवयीमुळे मीही हे आकडे असे कधी मांडून पाहिले नव्हते.

याच वेळी दोघी-तिघींनी फ्रिक्शन म्हणून μN लिहिलं होतं. μ, म्हणजे घर्षणाचा गुणांक, दिलेलाच नव्हता, तरी लिहिलं. स्थिर पुस्तकाला जेवढं लागतं तेवढंच फ्रिक्शन मिळतं, इथे दहा. μN ही त्याची कमाल मर्यादा; पुस्तक घसरण्याच्या बेतात असेल तेव्हाच ती गाठली जाते. तीस अंशांवर पुस्तक थांबायला μ निदान ०.५८ तरी हवा एवढंच यातून कळतं.

प्रकरण इथे मिटलं असतं, पण मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘‘फळी अगदी गुळगुळीत असेल तर? मग फ्रिक्शन नाहीच. मग त्याचं पहिलं चित्र बरोबर ना?’’

चित्र बरोबर. पृथ्वी आणि फळी, दोनच बाण. तरीही २३.१ चूक, कारण आता पुस्तक थांबलेलं नाही. ते उतारावरून g sinθ या त्वरणाने, म्हणजे पाचने घसरतंय, आणि घसरताना थोडं खालीही जातंय: उभ्या दिशेत अडीच. म्हणून उभ्या बेरजेत शून्य येत नाही, दोन किलो गुणिले अडीच, पाच न्यूटन उरतात. वीसमधून पाच गेले, पंधरा. आणि नॉर्मल १७.३ चा उभा वाटा पंधराच. उताराला काटकोनात मात्र पुस्तक ना आत घुसतं ना वर उठतं, तिकडे त्वरण शून्य. म्हणून स्थिर असो की घसरत असो, दुसरं कुणी ढकलत-ओढत नसेल तर W cosθ टिकतं. तिरके अक्ष का घ्यायचे याचं हे कारण मी तासाच्या सुरुवातीलाच द्यायला हवं होतं.

कुणीतरी म्हणालं, मोजून बघू या. प्रयोगशाळेतून पाच किलोपर्यंतचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. साठ सेंटिमीटरची फळी, तिचं एक टोक तीस सेंटिमीटर उचललं की तीस अंश होतात. काटा घसरू नये म्हणून खाली पट्टी ठोकली आणि पुस्तकाखाली रबराचा तुकडा घातला. पहिल्यांदा आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला. कारण लगेच कळलं: काटा आडवा असताना चालू केला होता, आणि फळी तिरकी केल्यावर काट्याच्या ताटलीचा स्वतःचा भारही कमी झाला. पुस्तक आणि रबर काढून, तिरक्या अवस्थेत शून्य करून, पुन्हा ठेवलं. १.७४ किलो. रबराचे काही ग्रॅम त्यात आहेत, पण २.३१ पासून तो आकडा बराच दूर होता. इथे पोरांना एक गोष्ट सांगावी लागली, की काटा वजन मोजत नाही, ताटलीला काटकोनात लागणारं बल मोजतो. म्हणजे तो आपला नॉर्मलच दाखवतो, फक्त किलोच्या भाषेत.

तास संपला. सामान आवरत असताना खिडकीकडचा मुलगा वही घेऊन आला. त्याला ते २३.१ सोडवत नव्हतं. त्याच्या दोन समीकरणांपैकी आडव्या दिशेत ११.५ न्यूटन उरत होते ना, तर फ्रिक्शन आणण्याऐवजी त्याने तेवढ्याच बलाने पुस्तक हाताने आडवं ढकललं होतं, फळीकडे. फळी गुळगुळीत, हात आडवा, पुस्तक स्थिर.

मी माझ्या तिरक्या अक्षांत तपासलं. उताराला काटकोनात वजनाचा वाटा १७.३, आणि हाताच्या ढकलण्याचा वाटा ११.५ च्या निम्मा, ५.८. बेरीज २३.१. उताराच्या दिशेत वजन दहाने खाली ओढतं, हात ११.५ गुणिले ०.८६६ म्हणजे दहाने वर ढकलतो. सगळं जुळलं.

त्याने W / cosθ च्या खाली चौकट काढली, बाणापाशी ‘हात’ असं लिहिलं आणि विचारलं, ‘‘आणि मॅडम, उतार नव्वद अंशांचा केला तर?’’

मी म्हटलं, भिंतीला पुस्तक टेकवून, गुळगुळीत भिंतीवर, नुसतं आडवं दाबून धरायचा प्रयत्न करून बघ. कितीही जोर लाव.