एका सुताचे तीन इंच

कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरला उतरलो आणि मान आपसूक वर गेली. वर वाढदिवसाचे फ्लेक्स. ओळीनं चेहरे, सगळे सारखेच गोरे, सगळे सारखेच गुळगुळीत. मला मात्र हातानं रंगवलेले सिनेमाचे बोर्ड करणारा माणूस भेटायला हवा होता, आणि त्यासाठी या गावाइतकं योग्य गाव नाही. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात शिरलेले बाबूराव पेंटर इथलेच. 1924 सालच्या त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आपल्याकडच्या सर्वात जुन्या उपलब्ध पोस्टरांपैकी एक मानतात. 1960 साली मुंबईच्या मराठा मंदिरवर ‘मुघल-ए-आझम’चे बॅनर लागले, ते रंगवणारे जी. कांबळेही इथलेच. सरकारी कचेऱ्यांत दिसणारं शिवछत्रपतींचं चित्र त्यांचंच.

विचारत विचारत एका गल्लीतल्या पत्र्याच्या शेडपर्यंत पोचलो. ज्यांना भेटलो त्यांना गल्लीत सगळे नुसतं ‘पेंटर’ म्हणतात. सत्तरीच्या पुढचे. आता दुकानांच्या पाट्या करतात.

“कसं करायचा?” एवढंच विचारलं, तर त्यांनी थेट खडू उचलला आणि फरशीवर चौकटी पाडायला लागले.

लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणायचा. त्यावर सरस आणि खडूच्या भुकटीचा हात द्यायचा, नाहीतर कापड तेल पिऊन टाकतं आणि रंग मेल्यासारखा दिसतो. वितरकाकडून आलेल्या फोटोवर इंचाइंचाच्या चौकटी पाडायच्या. बोर्ड वीस फूट बाय दहा फूट असेल, तर दहा इंच बाय पाच इंचाचा भाग निवडायचा. म्हणजे फोटोतला एक इंच कापडावर दोन फूट. मग चौकटीमागून चौकट कोळशानं उतरवायची.

“फोटोवर पेन्सिल एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग हलली, की वर तीन इंच,” पेंटर म्हणाले. “तीन इंचांनी डोळा खाली आला तर हिरो झोपलेला वाटतोय की ओ!”

आणि ही चूक शेडमध्ये कळत नाही. जागा कमी, मागे सरकून बघायचं म्हटलं तर पाठ भिंतीला लागते. म्हणून वीस फुटी बोर्ड दहा-दहा फुटांच्या दोन तुकड्यांत रंगवायचे. ते पहिल्यांदा जोडलेले दिसायचे थिएटरवर, दोरांनी वर चढल्यावरच. नाकाचा अर्धा भाग या तुकड्यात, अर्धा त्या तुकड्यात. दोन्हीकडचा रंग जुळला नसेल, तर पेंटर डबा घेऊन बांबूच्या परांचीवर चढायचा.

फोटो बहुतेक वेळा काळे-पांढरे. त्यामुळे साडी कुठल्या रंगाची आणि खलनायकाचा गाल निळा की हिरवा, हे सगळं पेंटर ठरवायचा, तेही सिनेमा न बघता. मला निळे गाल हा भडकपणा वाटायचा. पेंटरांनी त्यामागचा हिशेब सांगितला. रस्त्यापलीकडून, चालत्या एसटीतून बघणाऱ्याला चेहऱ्यावरच्या बारीक छटा दिसत नाहीत, एकमेकांत मिसळून सपाट होतात. म्हणून सावलीत निळा, उजेडात पिवळा, आणि कडेला सुरीनं दिलेला जाड पांढरा फटका. जवळून बघाल तर नुसते ओरखडे. लांबून तेच कपाळाचं हाड.

फ्लेक्समध्ये नेमकी हीच गोष्ट होत नाही. जवळून बघण्यासाठी काढलेला फोटो मोठा करून छापतात. लांबीरुंदी वाढते, पण लांबून वाचता येईल अशी मांडणी त्यात नसते. छपाई उत्तमच असते, त्याबद्दल तक्रार नाही. शिवाय तेलाचा रंग पावसाळ्यात दिवसच्या दिवस सुकत नसे आणि फ्लेक्स काही तासांत हातात येतो. थिएटरमालकानं दुसरं काय करायचं? नव्वदीच्या अखेरीपासून मोठी छपाईयंत्रं आली आणि काम हळूहळू आटलं.

“सगळे बोर्ड काय चांगले नव्हते हं,” पेंटर स्वतःच म्हणाले. काही बोर्डांवरचा नट नाव वाचल्यावरच ओळखू यायचा.

आणखी एक गोष्ट गेली, ती माझ्या ध्यानात आली नसती. पूर्वी एकाच सिनेमाचा बोर्ड कोल्हापुरात वेगळा आणि सांगलीत वेगळा असे. दुसऱ्या आठवड्यात पब्लिक खलनायकाच्या संवादावर शिट्ट्या मारतंय असं दिसलं, की मालक निरोप धाडायचा आणि कोपऱ्यातला खलनायक रातोरात हिरोएवढा व्हायचा. आता तयार फाइल येते आणि सगळीकडे तीच लागते.

जुने बोर्ड बघायला मिळतील का, असं विचारलं. एकही नाही. सिनेमा उतरला की त्याच कापडावर पांढरा हात मारून पुढचा सिनेमा रंगवायचा, कारण कापड महाग. बरंच झिजलं की ते कुणाच्या तरी छपरावर जायचं. कागदी पोस्टरं संग्राहकांकडे टिकली, बोर्ड मात्र मुळात टिकवायला केलेलेच नव्हते.

निघताना शिकाऊ पोरांबद्दल विचारलं. आधी ब्रश धुणं, मग रंग घोटणं, मग चौकटी, मग अक्षरं, मग कपडे आणि शेवटी चेहरा, असा क्रम. चेहऱ्याला हात लावायला काही वर्षं जायची. त्यांच्या हाताखालचा शेवटचा पोरगा कपड्यांपर्यंत पोचला होता. आता तो फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे.