‘घरी आल्यावर’ कोण येतंय?

आज भाचीला विश्रामबागहून मिरज स्टेशनला सोडताना गाडीत तिनं ‘रिस्पेक्ट’ लावलं, अरेथा फ्रँकलिनचं, १९६७चं. म्हटलं, थांब, मूळ ऐक. ओटिस रेडिंग, १९६५.

मूळ गाण्यात दमूनभागून घरी येणारा नवरा बोलतोय. मी बाहेर असताना तू मला फसवलंस तरी चालेल, कमाई तुझ्याच हातात देतो, फक्त घरी आल्यावर जरा मान दे. काकुळतीच आहे ती, भले आवाज कितीही दणदणीत असो.

अरेथानं त्या ओळीत ‘मी’ आणि ‘तू’ची अदलाबदल केली. आता घरी येणारा तो आहे, आणि ही सांगते, तू बाहेर असताना मी तुला फसवणार नाही, कारण मला तसं करायचंच नाही. त्याची सवलत होती, हिचा स्वतःचा निर्णय झाला. पैसे मात्र हीसुद्धा देऊ करते! म्हणजे कमावतेही. आणि ते आर-ई-एस-पी-ई-सी-टी अक्षरं सुटी करून म्हणणं मुळात नाहीच, तिनं घातलंय. मास्तरीण फळ्यावर लिहून दाखवते तसं.

भाची म्हणाली, “मामा, मामी रोज हेच म्हणते, फक्त चाल नसते.”

सिग्नल सुटला, मी गप्प गाडी काढली.