चिनी ॲप, गॅलरीतला बल्ब आणि २.४ चं वायफाय

मेव्हण्याने शेन्झेनहून वायफायवर चालणारा बल्ब आणला. आट्यांचा बल्ब, आमच्या मुलुंडच्या गॅलरीतला होल्डर पिनांचा. ती अडचण स्टेशनबाहेरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या ॲडॅप्टरने मिटवली. खरा प्रश्न ॲपचा होता. ते अथपासून इतिपर्यंत चिनी, आणि भाषा बदलायची सोय कुठेच नाही.

चिनी मजकूर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मराठीत वाचता येतो, पण ऐन जोडणीच्या वेळी ते जमत नाही. बल्ब जोडणीसाठी तयार झाला की ॲपमध्ये उलटी मोजणी सुरू होते, आणि दोन-तीन मिनिटांत सगळं उरकावं लागतं. म्हणून मी बल्ब बंदच ठेवून ॲपमध्ये जमेल तितकं पुढे गेलो, प्रत्येक पडद्याचा स्क्रीनशॉट काढला आणि निवांत बसून भाषांतर करून घेतलं. ॲप लोकेशनची परवानगी मागत होतं. बल्बाला लोकेशन कशाला, असं वाटतंच; पण अँड्रॉइडवर ती दिल्याशिवाय ॲपला वायफायचं नाव वाचता येत नाही.

वायफायच्या पडद्यावर 2.4GHz एवढं मात्र भाषांतराशिवाय कळलं. अशा स्वस्त बल्बातल्या चिपला फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ऐकू येतो, ५ चा येत नाही. आमचा फायबरवाल्याचा राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने देतो, आणि राउटरशेजारी बसलेला फोन अर्थातच वेगवान ५ पकडतो. मग ॲपमध्ये नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी चाक फिरत राहतं आणि शेवटी लाल फुली येते. फोन कुठल्या पट्ट्यावर आहे ते वायफायच्या चिन्हावर कळत नाही. सेटिंगमध्ये त्या नेटवर्कचा तपशील उघडला की फ्रीक्वेन्सी दिसते.

मी ब्राउझरमध्ये 192.168.1.1 उघडून राउटरच्या सेटिंगमध्ये दोन पट्ट्यांची नावं वेगळी केली. २.४ ला नवं नाव दिलं आणि सुरक्षा WPA2 ठेवली, कारण नुसत्या WPA3 वर असे बल्ब सहसा जोडले जात नाहीत. सेटिंगला हात लावायचा नसेल तर बऱ्याच राउटरांवर २.४ चं वेगळं पाहुण्यांचं नेटवर्क सुरू करता येतं, तेही चालतं.

आता बल्ब. त्याला बटण नसतं, भिंतीवरचा स्विचच त्याचं बटण. बंद-चालू, बंद-चालू, बंद-चालू केलं की तो भराभर लुकलुकतो. ॲप विचारतं 快闪 की 慢闪, म्हणजे बल्ब वेगाने लुकलुकतोय की सावकाश. वेगाने लुकलुकत असेल तर फोन वायफायचा तपशील हवेत सोडतो आणि बल्ब तो टिपतो. आमच्या इमारतीत भिंतीगणिक राउटर, त्या गर्दीत हे काही जमेना. पुन्हा तीनदा बंद-चालू केल्यावर बल्ब सावकाश लुकलुकायला लागला. या पद्धतीत बल्ब स्वतःच एक छोटं वायफाय सुरू करतो. फोनच्या यादीत SmartLife ने सुरू होणारं नाव आलं, ते निवडून ॲपमध्ये परतायचं. तेवढ्यात फोन म्हणतो, या नेटवर्कवर इंटरनेट नाही, दुसरीकडे जाऊ का? तिथे नाही म्हणायचं आणि मोबाइल डेटाही बंद ठेवायचा, नाहीतर फोन मध्येच बल्बाला सोडून देतो.

पुढच्या पडद्यावर तीन टप्पे होते: बल्ब शोधणं, क्लाउडवर नोंद, शेवटची जुळवाजुळव. पहिल्यावरच अडकलं तर बल्ब वायफायपर्यंत पोचलेला नाही, म्हणजे पट्टा किंवा पासवर्ड तपासायचा. दोन्हींचं लक्षण सारखंच असल्याने पासवर्ड टाइप करताना डोळ्याच्या चिन्हावर दाबून वाचलेला बरा. दुसऱ्यावर अडकलं तर वायफाय मिळालंय, इंटरनेट किंवा खातं बघायचं. आमचा बल्ब शेवटच्या टप्प्यावर जरा रेंगाळला आणि मग लुकलुकणं थांबून शांत पेटला.

जोडणी झाल्यावर फोन खुशाल ५ वर न्यावा. बल्बाला हुकूम इंटरनेटवरून जातो, त्यामुळे लोकलमधूनही तो लावता येतो. त्रास झाला तो घरातूनच. आई सवयीने स्विच खटाखट वरखाली करून बघते, आणि तिसऱ्या खटक्याला बल्ब वायफाय विसरून पुन्हा लुकलुकायला लागतो.

"आई, एकदाच दाब गं," म्हटलं.

"मग लागला नाही तर?" हे तिचं उत्तर. शेवटी तो स्विच चालू ठेवून त्यावर चिकटपट्टी लावली आणि आईच्या फोनवरही ॲप टाकून दिलं. तिला चिनी वाचायची गरज पडत नाही, मधलं मोठं गोल बटण दाबलं की झालं. राउटर बदलायची वेळ आली तर २.४ चं नाव आणि पासवर्ड मात्र हेच ठेवणार आहे. दोन्ही तेच असले की बल्ब पुन्हा जोडत बसावं लागत नाही.