आत्याचा झोपाळा: मधली कीफ्रेम काढली आणि परत ठेवली

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात दिवाणखान्यात सागवानी पाटाचा झोपाळा आहे. पितळी कड्या, प्रत्येक बाजूच्या दोन साखळ्या वर जाऊन एकाच हुकात अडकवलेल्या. शेजारचे गुजराती लोक हींचको म्हणतात, आम्ही झोपाळाच. आत्या दुपारचा चहा त्यावरच घेते. ते दृश्य ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये करायचं ठरवून तीन आठवडे झाले. मॉडेल, प्रकाश, फरशी सगळं झालं होतं, पण झोपाळा हलला की खेळण्यातला वाटायचा. या नोंदीत फक्त त्या एका हालचालीचं दुरुस्तीकाम आहे, कारण त्यात मला हालचालीचा वक्र दाखवणारा ग्राफ एडिटर पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वाचता आला.

कच्चं काम असं होतं. हुकाच्या जागी एक एम्प्टी, म्हणजे रेंडरमध्ये न दिसणारा बिंदू, त्याला साखळ्या, पाट आणि आत्या जोडलेली. फिरतो फक्त एम्प्टी, एकाच अक्षावर, म्हणजे वाचायला एकच वक्र. २४ फ्रेम प्रति सेकंद, एकूण २४० फ्रेम. दर २४ फ्रेमवर टोकाची कीफ्रेम, म्हणजे त्या फ्रेमला कोन किती ते ठरवून दिलेली नोंद: एकदा मागे, एकदा पुढे. शिवाय दर दोन टोकांच्या मध्ये, पाट तळाशी असताना शून्य अंशाची एक कीफ्रेम, नजरेने ठेवलेली. आधी सगळ्या Constant ठेवल्या होत्या, म्हणजे पोझ टणाटण बदलत होत्या. मग `A` दाबून सगळ्या निवडल्या, `T` दाबून Bezier केलं, आणि गडबड दिसायला लागली.

वेळ आधी, वक्र नंतर

दोन दिवस मी वक्राला आकार देणारी हँडलं ओढत बसलो होतो. चूक त्यात नव्हतीच. शेवटी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून आत्याचे दहा झोके मोजले. एक झोका म्हणजे मागून पुढे आणि परत मागे. दहा झोक्यांना ३० सेकंद लागले. माझ्या फाईलमध्ये एक झोका ४८ फ्रेमचा, म्हणजे दोन सेकंदांचा होता.

लंबकाचं सूत्र इथे सरळ लागू पडतं:

```
T = 2π √(L / g)
```

हुकापासून बसलेल्या आत्याच्या पोटापर्यंत टेपने मोजलं तर साधारण २.२५ मीटर. त्यातून उत्तर येतं ३ सेकंद. दोन सेकंदांचा झोका असायला साखळी जेमतेम एक मीटरची लागते. म्हणजे मॉडेल मोठ्या माणसाच्या झोपाळ्याचं आणि वेळ पाळण्याच्या खेळण्याची. डोळ्याला ते कळत होतं, मला नाव देता येत नव्हतं. वक्र कितीही गुळगुळीत केला तरी हा दोष गेला नसता.

दुरुस्ती सोपी आहे. प्लेहेड फ्रेम १ वर आणला, ज्या बिंदूभोवती ताणायचं तो पिव्हट 2D Cursor केला, सगळ्या कीफ्रेम निवडून `S`, `X`, `1.5`. चोवीसाचे छत्तीस झाले. टोकं आता १, ३७, ७३, १०९, १४५, १८१ आणि २१७ वर. पिव्हट बदलला नाही तर कीफ्रेम मधून दोन्हीकडे पसरतात आणि पहिली कीफ्रेम उणे फ्रेमवर जाऊन बसते.

उतार म्हणजे वेग

मग खरं वाचन. आडव्या अक्षावर फ्रेम, उभ्यावर अंश. वक्राची उंची म्हणजे झोपाळा कुठे आहे, आणि वक्राचा उतार म्हणजे तो किती वेगात आहे. टोकाला पाट क्षणभर थांबतो, तिथे वक्र आडवा हवा. तळाशी पाट सगळ्यात वेगात असतो, तिथे वक्र सगळ्यात उभा हवा.

माझा वक्र टोकांना आडवा होता, कारण Auto Clamped हँडल शिखरावर आपोआप सपाट होतात. पण मधे बिघाड होता. पहिली शून्य अंशाची कीफ्रेम १९ वर असायला हवी, ती २२ वर होती. म्हणजे खाली यायला २१ फ्रेम आणि वर चढायला १५. झोपाळा उतरताना दमतो आणि चढताना धावतो. गुरुत्वाकर्षणाच्या नेमकं उलट. पुढच्या झोक्यात तीच कीफ्रेम अलीकडे होती, तिथे उलटा दोष. प्रत्येक झोका वेगळ्या तऱ्हेने चुकलेला, म्हणून बघताना नुसतं ‘काहीतरी अडखळतंय’ एवढंच वाटायचं. ग्राफमध्ये मात्र ते स्पष्ट होतं: वक्राचं पोट एका बाजूला सुटलेलं.

मी मधल्या कीफ्रेम एकेक करून सरकवायला घेतल्या आणि तिसरीला थांबलो. त्या हव्यातच कशाला? दोन्ही टोकं बरोबर असतील तर तळ आपोआप बरोबर मध्यावर येतो. सगळ्या निवडून `X`. वक्र एकदम श्वास सोडल्यासारखा मोकळा झाला.

एक बारीक गोष्ट उरते, हँडलची लांबी. हँडल फार आखूड असेल तर पाट टोकाला थबकत नाही, आपटून परततो. फार लांब असेल तर टोकाला तरंगत राहतो आणि तळातून गोळीसारखा निघतो. लंबकाच्या हालचालीशी जुळायला दोन टोकांमधल्या अंतराच्या साधारण ०.३६ पट लांबीचं आडवं हँडल लागतं. ३६ फ्रेमच्या अंतराला १३ फ्रेम. मी `N` दाबून बाजूच्या पट्टीतल्या F-Curve टॅबमध्ये हँडलची फ्रेम आकड्याने भरली. पहिल्या कीफ्रेमचं उजवं हँडल १४ वर, दुसऱ्या कीफ्रेमचं डावं २४ वर. आकडा भरला की ते हँडल आपोआप राहत नाही, त्यामुळे पुढे कीफ्रेम वर-खाली केल्यावर त्याचा आडवेपणा एकदा तपासून घ्यायचा.

उतरती उंची

आत्या ढकलणं थांबवते तेव्हा तीन झोक्यांत उंची निम्मी होते, हेही मोजूनच पाहिलं. तीन झोके म्हणजे सहा अर्धे झोके, म्हणजे दर अर्ध्या झोक्याला उंची ०.८९ पट. मागची बाजू धन धरली तर टोकं अशी आली: १८, उणे १६, १४.३, उणे १२.७, ११.३.

इथे माझी एक जुनी सवय आडवी आली. उसळणाऱ्या चेंडूचा सराव खूप केल्यामुळे उंची कमी झाली की फ्रेममधलं अंतरही कमी करायचं, हे हातात बसलेलं. चेंडूला ते बरोबर आहे. झोपाळ्याला नाही: झोका लहान झाला तरी वेळ तेवढाच लागतो, निदान इतक्या लहान कोनांना. मी शेवटच्या टोकांमधलं अंतर ३२ आणि २८ फ्रेमवर आणून पाहिलं, तर साखळ्या कुणीतरी वर ओढून घेतंय असं दिसायला लागलं. परत ३६.

दुसरी चूक उंची कमी करतानाची. आकडे भरण्याऐवजी मी शेवटच्या काही कीफ्रेम निवडून `S`, `Y` केलं, पिव्हट Bounding Box Center असताना. तो निवडलेल्या कीफ्रेमच्या मध्याभोवती आकुंचन करतो, आणि तो मध्य शून्यावर नव्हता. झोपाळा थांबत आला तेव्हा दीड अंश मागे कललेला लोंबत होता. पिव्हट 2D Cursor आणि View टॅबमध्ये कर्सरचा Y शून्य केला, की आकुंचन शून्याभोवतीच होतं.

Normalize बद्दलही सांगून ठेवतो. ते चालू असताना प्रत्येक वक्र सारख्याच उंचीचा ताणून दाखवला जातो. ऑटो-कीमुळे एम्प्टीच्या Location वर नकळत कीफ्रेम पडल्या होत्या आणि तिथला एक वक्र भयंकर वळवळत होता. अर्धी संध्याकाळ तो सरळ करण्यात गेली. Normalize काढलं तेव्हा कळलं, वळवळ तीन मिलिमीटरची होती. ते सगळे चॅनल उडवले, फिरण्याचा एक ठेवला.

मधली कीफ्रेम परत

रेंडर आत्याला दाखवलं. तिने दोनदा पाहिलं आणि म्हणाली, “अरे, पण पाय कुठे लावते मी? हा आपोआपच हलतोय.”

तिचं बरोबर होतं. पाट पुढून मागे जाताना तळाशी आला की ती अंगठ्याने फरशीला रेटा देते. माझ्या ॲनिमेशनमध्ये पाय फरशीला टेकत होता, पण झोक्याला त्याची दखल नव्हती.

रेटा म्हणजे वेगात अचानक वाढ. वेग म्हणजे उतार. म्हणजे वक्रात तिथे उतार बदलायला हवा, आणि त्यासाठी तळाशी कीफ्रेम लागणारच. जी मी सगळीकडून काढली होती तीच, पण आता एकाच ठिकाणी आणि कारणासह.

१०९ वर पाट पुढे उणे १२.७ ला आहे. १४५ ला रेट्याशिवाय ११.३ येतं, रेट्यानंतर १५ यावं असं ठरवलं. तळ १२७ वर, तिथे शून्याची कीफ्रेम. तळाचा उतार काढायला उंचीला π ने गुणून ३६ ने भागायचं: आधी फ्रेममागे सुमारे १.१ अंश, नंतर १.३. हँडल दोन्हीकडे सहा फ्रेमचं घेतलं. डावं १२१ वर उणे ६.६, उजवं १३३ वर ७.८. शेजारच्या टोकांची या बाजूची हँडलं १३ वरून साडेसहा फ्रेमवर आणली, कारण आता अंतर अर्धं झालं.

हे करताना हँडल `V` दाबून Free करावं लागतं. Aligned मध्ये दोन्ही बाजू एका रेषेत राहतात, उतार दोन्हीकडे सारखाच होतो आणि रेटा नाहीसा होतो. पहिल्यांदा तेच झालं होतं: उंची वाढली होती, पण ती कुठून आली ते दिसत नव्हतं.

वक्रात ही मोड जेमतेम दिसते. १.१ आणि १.३ मधला फरक डोळ्याला ग्राफमध्ये शोधावा लागतो, पण झोपाळ्यावर लगेच कळतो. मी उजवं हँडल आणखी उभं करून पाहिलं, मोड ग्राफमध्ये ठळक झाली आणि पडद्यावर पाट धक्का बसल्यासारखा उडाला. म्हणून आकडे तसेच ठेवले. त्यापुढची टोकं १५ पासून पुन्हा ०.८९ ने उतरती: १८१ ला उणे १३.४, २१७ ला ११.९.

आता पदर राहिला आहे. त्याची हाडं क्वाटर्नियनमध्ये आहेत, त्यामुळे चार वक्र एकमेकांत गुंतलेले आणि एकाचाही अर्थ अंशांत लावता येत नाही. आधी ती XYZ Euler करणार, मग झोपाळ्याचा वक्र तिथे कॉपी करून चार फ्रेम उशिरा ठेवून बघणार. रेट्याच्या वेळी पदर चारपेक्षा जास्त मागे राहील असं वाटतंय. रविवारी आत्या झोपाळ्यावर बसली की बाजूने चित्रीकरण करून फ्रेम मोजतो.