तुम्ही विचारलंत म्हणून: तापातली डोकेदुखी

"डॉक्टर, ताप आल्यापासून डोकं नुसतं फुटतंय. ताप मेंदूत तर गेला नाही ना? एकदा स्कॅन करून घेऊ का?"

मेंदूला स्वतःला वेदना कळतच नाही. म्हणून तर मेंदूच्या काही शस्त्रक्रिया रुग्ण जागा असताना करता येतात. दुखतात ती मेंदूभोवतीची आवरणं, त्यांतल्या रक्तवाहिन्या आणि कपाळाचे, मानेचे स्नायू. जंतू रक्तात आले की शरीराच्या पेशी त्यांच्याशी लढताना काही रसायनं सोडतात आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन तयार होतं. तेच मेंदूतल्या तापमान-नियंत्रणाला ताप चढवायला लावतं आणि तेच वेदनेच्या नसा हळव्या करून ठेवतं. एरवी जाणवणारही नाही असं रक्तवाहिन्यांचं ठोकणं मग घणासारखं लागतं. म्हणजे डोकं इतकं दुखायला जंतू मेंदूत जावे लागत नाहीत, ते रक्तात असले तरी पुरतं.

मागे एक सव्वीस वर्षांचा तरुण तापाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. ताप १०३, दोन्ही डोळ्यांच्या मागे ठणका, नजर बाजूला वळवली की कळ. सोबतची बहीण रडकुंडीला आली होती, कारण घरात कुणीतरी मेंदूज्वराचं नाव काढलं होतं. मी त्याला हनुवटी छातीला लावायला सांगितली. दुखत होतं, पण लागली. मान डावी-उजवीकडे वळवतानाही तितकंच दुखत होतं, म्हणजे स्नायूच आखडले होते. मेंदूच्या आवरणाला सूज असते तेव्हा मान बाजूला बऱ्यापैकी वळते, पुढे मात्र वाकवू देत नाही. तो तारीख, वार, आजाराचा क्रम नीट सांगत होता. पॅरासिटामॉलनंतर तासाभराने ताप शंभरच्या आसपास आला आणि तो उठून बसला. डोळ्यांमागचा ठणका डेंग्यूत फार दिसतो, म्हणून एनएस-१ तपासणी केली. ती पॉझिटिव्ह आली.

गोळीने बरं वाटलं एवढ्यावर मात्र मी कधीच निर्धास्त होत नाही, कारण मेंदूज्वरातही गोळीने ताप थोडा उतरू शकतो. ताप उतरलेल्या त्या तासात माणूस कसा आहे, हे मी बघतो. तेव्हा तो ओळखीचं बोलतो, पाणी मागतो, फोन हातात घेतो, तर मला धीर येतो. ताप उतरूनही तो झापडलेलाच असेल, भलतंच बोलत असेल, झटके आले असतील, मान पुढे वाकत नसेल, उलट्या थांबत नसतील, हातापायात अशक्तपणा किंवा अंगावर जांभळे डाग असतील, तर मात्र थेट रुग्णालय गाठायचं. तान्ह्या मुलांत आणि वयस्करांत मान मऊ असूनही आजार असू शकतो. तिथे मी सुस्ती, दूध न ओढणं, फुगलेली टाळू यांवर जास्त भरवसा ठेवतो.

मलेरियात डोकं थंडी वाजून ताप चढताना सर्वात जास्त दुखतं आणि घाम फुटून ताप उतरला की हलकं होतं. टायफॉइडमध्ये ताप दिवसागणिक चढत जातो आणि कपाळात मंद, चिवट दुखणं असतं. इन्फ्लुएंझा एकदम येतो, अंगदुखी आणि खोकल्यासह. यांतला फॅल्सिपॅरम मलेरिया खरोखर मेंदूवर जाऊ शकतो, पण तेव्हा तो बेशुद्धी आणि झटक्यांनी बोलतो, नुसत्या डोकेदुखीने नाही. म्हणूनच मलेरियाची शंका असली तर रक्ततपासणी त्याच दिवशी हवी.

आणि स्कॅन? त्यात डेंग्यू दिसत नाही, मलेरियाचे परोपजीवी दिसत नाहीत. मेंदूज्वराच्या सुरुवातीलाही सीटी स्कॅन अनेकदा नॉर्मल येतो. त्याचं निदान पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासल्यावर होतं. नॉर्मल स्कॅन हातात घेऊन घरी गेलेला मेंदूज्वराचा रुग्ण, ही मला वाटणारी खरी भीती आहे.

त्या तरुणाला मी फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर द्रवपदार्थ दिले. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको म्हणून बजावलं, कारण डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाचव्या दिवशी ताप उतरला, डोकंही थांबलं. घरच्यांना वाटलं, सुटलो. मी बहिणीला फोनवर सांगितलं की डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जास्त नाजूक असतात. पोटात सतत दुखलं, उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं किंवा तो मलूल पडला, तर रात्री दोन वाजले असले तरी घेऊन या. तिने त्या दोन रात्री जागून काढल्या. तिसऱ्या सकाळी प्लेटलेट्स चढायला लागल्या होत्या.