‘ऑ’चा दुसरा फॉर्मंट हरवला तेव्हा

माझ्याच आवाजातले मराठी स्वर मोजून त्यांचा तक्ता काढायचा होता. घशापासून ओठांपर्यंतच्या स्वरमार्गात आवाज ज्या वारंवारतांना घुमतो, त्या त्याच्या अनुनादांना फॉर्मंट म्हणतात. आडव्या अक्षावर दुसरा फॉर्मंट, उभ्यावर पहिला, आणि प्रत्येक स्वराचा एक ठिपका. ई, ए, आ हे तिघे कानाला जिथे वाटतात तिथेच बसले. ‘ऑ’ मात्र भलतीकडे गेला. प्रोग्रामने त्याचा पहिला फॉर्मंट ७०० हर्ट्झ आणि दुसरा २४५० हर्ट्झ दाखवला.

हे आकडे चुकीचे आहेत हे कळायला गणित लागत नाही. ‘ऑ’ म्हणताना ओठ गोल होतात आणि जिभेचा मागचा भाग वर सरकतो. या दोन्ही गोष्टींनी दुसरा फॉर्मंट खाली येतो, त्यामुळे प्रौढ पुरुषाच्या आवाजात तो ९००च्या आसपास असायला हवा. २४५० ही तिसऱ्या फॉर्मंटची जागा. म्हणजे मधला फॉर्मंट प्रोग्रामला दिसलाच नव्हता, आणि तिसऱ्याला त्याने दुसरा समजून मोजलं होतं. तेव्हापासून कोणताही फॉर्मंट मोजला की मी आधी हे बघतो: हा आकडा या स्वराच्या तोंडाच्या आकाराशी जुळतो का?

पहिली चूक लवकर सापडली. रेकॉर्डिंग ४४,१०० हर्ट्झ सॅम्पलिंग रेटचं होतं आणि मी रेखीय अनुमानाची कोटी १२ ठेवली होती. रेखीय अनुमानात प्रत्येक नमुना आधीच्या १२ नमुन्यांवरून वर्तवायचा प्रयत्न होतो, आणि त्यातून जे बहुपद मिळतं त्याला १२ मुळं असतात. मॉडेलचे ध्रुव ते हेच. एका अनुनादाला ध्रुवांची एक जोडी लागते, म्हणजे माझ्याकडे फार तर सहा जोड्या होत्या, आणि त्यांना २२ किलोहर्ट्झपर्यंतचा सगळा पट्टा सांभाळायचा होता. सुमारे साडेसतरा सेंटिमीटर लांबीच्या स्वरमार्गात साधारण दर हजार हर्ट्झला एक फॉर्मंट येतो, तेव्हा एवढ्या पट्ट्याला सहा जोड्या कशा पुरणार? ‘ऑ’चे पहिले दोन फॉर्मंट जेमतेम तीनशे हर्ट्झच्या अंतरावर असतात. मॉडेलने त्या दोघांवर मिळून एकच रुंद टेकाड घातलं होतं, आणि ते ७००वर होतं.

म्हणून आवाज आधी १०,००० हर्ट्झवर आणला. `resample_poly(x, 100, 441)` हे काम गाळणीसकट करतं. नुसते नमुने वगळत गेलं, तर ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज दुमडून खाली येतो आणि खोटी शिखरं तयार होतात. आता पट्टा पाच किलोहर्ट्झचा, म्हणजे साधारण पाच फॉर्मंट. त्यांच्यासाठी दहा ध्रुव आणि स्वरयंत्राच्या स्रोताचा उतार सांभाळायला आणखी दोन. तीच १२ कोटी, पण आता तिला काही अर्थ होता.

पुढची कृती छोटी आहे. `x` हा स्वराच्या मधला ३० मिलिसेकंदांचा तुकडा, म्हणजे ३०० नमुने.

```python
import numpy as np
from scipy.linalg import solve_toeplitz

x = np.append(x[0], x[1:] - 0.97 * x[:-1])
x = x * np.hamming(len(x))
r = np.correlate(x, x, "full")[len(x)-1:]
a = np.append(1, -solve_toeplitz(r[:12], r[1:13]))
H = 1 / np.abs(np.fft.rfft(a, 2048))
```

आयातींनंतरची पहिली ओळ वरच्या वारंवारतांना उचल देते. बोललेल्या स्वराचा स्पेक्ट्रम वर जाताना दर सप्तकाला साधारण ६ डेसिबलने उतरत असतो. ही उचल दिली नाही, तर मॉडेल आपली ताकद खालच्या भागावर खर्चून बसतं. त्यातला ०.९७ हा आकडा १०,००० हर्ट्झसाठी आहे. तिथे उचल साधारण ५० हर्ट्झपासून सुरू होते. तोच आकडा ४४,१०० हर्ट्झच्या आवाजाला लावला, तर ती सुरुवात बरीच वर सरकते.

आता `H`मध्ये, म्हणजे मॉडेलच्या स्पेक्ट्रममध्ये, शिखरं शोधली. ६०५, ८९० आणि २४८० हर्ट्झ. ठिपका जागेवर आला आणि मला वाटलं, झालं काम.

झालं नव्हतं. एका तुकड्यावर न थांबता मी दर १० मिलिसेकंदांनी फ्रेम सरकवत पूर्ण स्वर मोजला. पहिला दोन तृतीयांश भाग शांत होता, पण शेवटच्या भागात दुसरा फॉर्मंट ८९०वरून एकदम २४८०वर उडी मारत होता, मध्येच परत येत होता आणि पुन्हा उडत होता. तोंडाचा आकार दहा मिलिसेकंदांत असा बदलत नाही.

मोह झाला तो कोटी वाढवायचा. १२ची २४ केली, आणि ९००जवळ शिखर आलंसुद्धा. पण सोबत १२५० आणि १८००च्या आसपास आणखी शिखरं उगवली, आणि ती दर फ्रेमला जागा बदलत होती. कोटी १०, १२, १४ केली तरी जे शिखर जागचं हलत नाही त्यावर भरवसा ठेवता येतो. ही नवी शिखरं त्या कसोटीला उतरली नाहीत. कोटी वाढत गेली की मॉडेल स्वरमार्गाच्या आकाराऐवजी सुट्या हार्मोनिक्सच्या, म्हणजे आवाजाच्या मूळ वारंवारतेच्या पटींच्या, मागे लागतं.

मग बिघडलेली एक फ्रेम घेऊन नीट बसलो. स्पेक्ट्रममध्ये ६१५ला एक शिखर होतं, आणि त्याच्या उजव्या अंगाला उतारावर नुसता फुगवटा होता. शिखर नाही, पण उतार सरळही नाही. फॉर्मंट तिथेच होता, त्याला स्वतःचं टोक तेवढं उरलं नव्हतं.

असं का होतं ते कागदावर मांडल्यावर उलगडलं. दोन सारख्या रुंदीचे अनुनाद शेजारी असतील, तर त्यांच्यातलं अंतर त्यांच्या बँडविड्थपेक्षा जास्त असेपर्यंतच दोन शिखरं दिसतात. अंतर त्याहून कमी झालं की मधली दरी बुजते. रुंदी असमान असेल, तर रुंद असलेला शेजाऱ्याच्या उतारात आणखी लवकर विरघळतो. स्वराच्या शेवटी माझा आवाज मंदावत होता, पण खोलीतल्या पंख्याची घरघर तेवढीच राहिली होती. त्या गोंगाटाने दऱ्या भरून काढल्या, आणि मॉडेलने दुसऱ्या फॉर्मंटचा ध्रुव पसरट केला.

हे तपासायला बहुपदाची मुळं काढली. `np.roots(a)` एका ओळीत ती देतं. मुळाचा कोन θ रेडियनमध्ये, त्रिज्या r आणि सॅम्पलिंग रेट fs असेल तर

```
F = θ · fs / (2π)
B = −(fs / π) · ln r
```

बिघडलेल्या फ्रेममधल्या पहिल्या मुळाचा कोन ०.३८३ आणि त्रिज्या ०.९७२ होती. म्हणजे ६१० हर्ट्झ, बँडविड्थ ९०. दुसऱ्याचा कोन ०.५५३, त्रिज्या ०.९१०. म्हणजे ८८० हर्ट्झ, बँडविड्थ ३००. दुसरा फॉर्मंट सापडला! अंतर २७० आणि एकाची रुंदी ३००, त्यामुळे शिखर एकच उरणार हे उघड होतं. पहिल्या फॉर्मंटचं शिखरही ६१०ऐवजी ६१५वर होतं, कारण शेजारचा उतार त्याला आपल्याकडे ओढत होता. जवळजवळच्या फॉर्मंटांची शिखरं जेव्हा वेगळी दिसतात, तेव्हाही ती थोडी एकमेकांकडे झुकलेली असतात.

मग सरळ मुळंच का वापरू नयेत? मी तसं केलं, आणि लगेच दुसरीकडे अडखळलो. बारापैकी काही मुळं फॉर्मंट नसतात, ती स्पेक्ट्रमचा सर्वसाधारण उतार भरून काढत असतात. त्यांना गाळायला मी बँडविड्थची मर्यादा २५० ठेवली होती. नेमका माझा हवा असलेला ३०० रुंदीचा फॉर्मंट त्या चाळणीत गेला. मर्यादा ४०० केल्यावर तो राहिला, पण ही मर्यादा कुठे ठेवायची याचं एक ठाम उत्तर नाही. ते रेकॉर्डिंगवर अवलंबून असतं.

शिखरं न सोडताही एक वाट आहे, आणि ती मला फार आवडते. संशोधक स्टेफनी मॅकँडलेस यांनी १९७४मध्ये ती वापरली. स्पेक्ट्रम आपण एकक वर्तुळावर मोजतो. शिखरं कमी पडली की वर्तुळ थोडं आत घ्यायचं, म्हणजे पसरट ध्रुव वर्तुळाच्या जवळ येतो आणि त्याचं टोक उघडं पडतं. गुणकांना एका घाताने गुणलं की झालं.

```python
a_in = a * 0.96 ** -np.arange(13)
H = 1 / np.abs(np.fft.rfft(a_in, 2048))
```

०.९६च्या वर्तुळावर दुसरं शिखर आलं, ८४५ला. ०.९४वर ते ८७०ला सरकलं, म्हणजे मुळाने सांगितलेल्या ८८०च्या दिशेने. दोन वेगळ्या वाटा एकाच जागी येताना पाहिल्यावर माझी खात्री पटली. आता माझा प्रोग्राम प्रत्येक फ्रेममध्ये आधी साधी शिखरं मोजतो. ३००० हर्ट्झच्या खाली तीनपेक्षा कमी भरली, तरच वर्तुळ आत घेतो. सगळ्याच फ्रेमना आतलं वर्तुळ लावलं, तर उतार भरणारे निरुपयोगी ध्रुवही शिखरं होऊन बसतात.

एक तपासणी मात्र आकडेमोडीबाहेरची हवी होती. माझ्या आवाजाची मूळ वारंवारता १२५ हर्ट्झ आहे, म्हणजे हार्मोनिक्स ६२५ला आणि ८७५ला पडतात, माझ्या दोन उत्तरांच्या अगदी शेजारी. मी फॉर्मंट मोजतोय की हार्मोनिक, ही शंका मनातून जात नव्हती. ध्वनिशास्त्र शिकलेल्या एका मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, “तोंड अजिबात हलवू नकोस, आवाज तेवढा घोगरा, करकरता काढ. सकाळी उठल्या उठल्या निघतो तसा.” त्या आवाजात स्वरतंतू सेकंदाला जेमतेम पन्नास-साठ वेळा आपटतात, त्यामुळे हार्मोनिक्स दाट होतात आणि स्वरमार्गाचा आकार जास्त बारकाईने रेखला जातो. तसा ‘ऑ’ रेकॉर्ड केला, या वेळी पंखा बंद करून. प्रत्येक स्पंदन सुटं असल्यामुळे खिडकी ५० मिलिसेकंदांची घेतली. शिखरं ६००ला आणि ८९०ला आली, दोन्ही स्वच्छ, वर्तुळ आत न घेता. ५५ हर्ट्झच्या आवाजात हार्मोनिक्स ६०५ला आणि ८८०ला पडत असले, तरी ५० हर्ट्झवर घसरलेल्या फ्रेममध्येही शिखरं जागची हलली नाहीत.

तक्त्यात मी ‘ऑ’साठी ६०० आणि ८९० लिहिले, दहाच्या पटीत. `H`मधले बिंदू ४.९ हर्ट्झच्या अंतरावर आहेत, एवढ्यावरून ८८७ असा नेमका आकडा लिहिणं खोटं ठरलं असतं. पन्नास-पंचावन्न हर्ट्झच्या अंतरावरच्या हार्मोनिक्सवरून मिळणाऱ्या आकाराचं टोक तितक्या बारकाईने ठरत नाही. त्याच मैत्रिणीचा ‘ऑ’ही नंतर मोजला. तिचा आवाज २५० हर्ट्झचा, आणि शिखरं आली ५०५ला आणि ७५५ला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या हार्मोनिकला चिकटून. ते आकडे मी तक्त्यात घातले नाहीत. तिच्याकडून करकरत्या आवाजातलं रेकॉर्डिंग मागितलंय.