आमची वाटचाल: खिळ्यावरची चिठ्ठी

म्हापशात एसी दुरुस्तीचं काम सुरू केलं तेव्हा आमचं ऑफिस म्हणजे एक टेबल आणि भिंतीतला एक खिळा. फोन आला की चिठ्ठी लिहायची आणि खिळ्याला टोचायची. जो मेस्त्री मोकळा असेल त्याने वरची चिठ्ठी काढून निघायचं. दोन माणसं होती तोवर हे छान चाललं. पाच झाल्यावर चिठ्ठ्या हरवायला लागल्या.

सगळ्यात महागात पडलेली चिठ्ठी पर्वरीची. तिच्यावर इतकंच होतं: 'पर्वरी, बेडरूम एसी, पाणी गळतं.' फ्लॅटची मालकीण मुंबईत, चावी केअरटेकरकडे. आमच्या धाकट्या मेस्त्रीने बाईंना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. 'नंतर करतो' म्हणून त्याने चिठ्ठी शर्टाच्या खिशात घातली आणि दुसऱ्या कामाला गेला. खिळ्यावर चिठ्ठी नाही म्हणजे काम मार्गी लागलं, असं ऑफिसने धरलं. चौथ्या दिवशी फ्लॅटवर पाहुणे उतरले आणि गादी भिजली. बाई मला म्हणाल्या, "येणार नव्हता तर तसं सांगायचं, मी दुसऱ्याला बोलावलं असतं." काय बोलणार?

मेस्त्री आळशी नव्हता. चिठ्ठीत खरंच माहिती अपुरी होती. पाणी गळण्याची कारणं वेगवेगळी असतात. ड्रेनचा पाइप शेवाळाने चोंदला असेल, तर पंप आणि पाणी घेऊन गेलं की काम होतं. फिल्टर मळलेला असेल तर धुतला की झालं. पण गॅस कमी झाला असेल तर कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळून पाणी येतं. मग गळती शोधायला हवी, ब्रेझिंगचं सामान हवं, व्हॅक्यूम पंप हवा आणि त्या मशीनचाच गॅस हवा. जुन्या मशीनमध्ये R22 असतो, नव्या इन्व्हर्टरमध्ये बहुतेक R32. एकाच्या जागी दुसरा भरता येत नाही. शिवाय बर्फ असताना प्रेशर मोजलं तर आकडा फसवतो. आधी कूलिंग बंद करून नुसता पंखा दोन-तीन तास चालवावा लागतो. हे आधी कळलं नाही, तर पर्वरीला जाऊन बर्फ वितळायची वाट बघत बसायचं.

तेव्हापासून मी मेस्त्रींना एकच विचारतो: उत्तर मिळालं तर गाडीत वेगळं काही भरणार आहेस का? नसेल तर फोन करू नकोस, सरळ जा. ड्रेन की फिल्टर हे विचारण्यात वेळ घालवायची गरज नाही, दोन्हीचं सामान एकाच पिशवीत असतं. गॅसचा संशय असेल तर मात्र विचारायचंच, आणि सगळं एकाच मेसेजमध्ये: कुठल्या खोलीतला, आतल्या पाइपवर किंवा कॉइलवर बर्फ दिसतो का, आणि बाहेरच्या युनिटच्या लेबलचा फोटो. त्या लेबलवर गॅस कुठला आणि किती हे छापलेलं असतं. अर्थात आमच्या खाऱ्या हवेत कधी कधी ते लेबलच गंजून गेलेलं निघतं, तो भाग वेगळा. मेसेज मात्र ज्याच्या डोळ्यांसमोर मशीन आहे त्यालाच करायचा. बाई मुंबईत बसून बर्फ कसा बघणार? त्यांना फक्त खर्चाची परवानगी विचारायची.

दुपारी बारापर्यंत उत्तर आलं नाही तर चिठ्ठी खिळ्यावर परत. खिशात नाही. आणि जी गोष्ट गिऱ्हाइकाला माहीतच नसते, म्हणजे त्यांचा वार्षिक करार चालू आहे की संपला, ती विचारायला त्याला फोन करायचा नाही. चिठ्ठी तशीच ऑफिसकडे द्यायची. मशीनचं सर्किट बोर्ड बिघडल्यासारखं वाटलं तरीही परतच, कारण ते काम आमच्यात एकालाच येतं.

परत करायचीही एक पद्धत आम्हाला ठरवावी लागली. सुरुवातीला चिठ्ठ्या कोऱ्याच परत यायला लागल्या. एका हॉटेलच्या मॅनेजरला तीन मेस्त्रींनी तीन दिवस तोच प्रश्न विचारला. तिसऱ्या वेळी तो चांगलाच भडकला, आणि त्याचं काही चुकलं नाही. आता चिठ्ठीच्या मागे लिहावं लागतं: काय विचारलं, कोणाला, किती वाजता आणि काय अडलंय. पुढचा माणूस तिथून उचलतो.

मागच्या आठवड्यात खिळ्यावर एक चिठ्ठी होती. पुढे 'पेडणे, एसी थंड करत नाही' आणि मागे बारीक अक्षरात: 'केअरटेकरला 10.20ला फोन. बर्फ आहे. पंख्यावर ठेवायला सांगितलं. लेबलचा फोटो तो घरी पोचल्यावर 5 नंतर देणार.' सहा वाजता दुसऱ्या मेस्त्रीने ती काढली. फोटो आला होता, R32. सकाळी तो सिलिंडर आणि वजनकाटा घेऊन निघाला.